आईच्या फोनला बांधलेली संध्याकाळ

वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. त्यानंतर बहीण सुरतेहून रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची. आईच्या फोनवर तिचा चेहरा अडकून राहायचा. त्याच खोलीत माझा फोन मात्र सुरळीत चालायचा.

"मन्हाच फोनले काय व्हयनं?" आई विचारायची.

शेवटी खापर गावाहून वायफायवाला आला. दुपारी हाच फोन नीट चालतो हे ऐकून तो म्हणाला, "राउटरमध्ये कोणीतरी या एका फोनचा संध्याकाळचा स्पीड बांधून ठेवलाय."

तेव्हा उलगडा झाला. तो फोन आधी बहिणीचा होता. बारावीला तिनं अभ्यास करावा म्हणून वडिलांनीच ती मर्यादा घातली असणार. राउटर उघडायला गेलो, तर पासवर्डही त्यांनी बदललेला.

मी त्यांना पासवर्ड विचारला. त्यांनी ओठ हलवले, डाव्या हातानं हवेत काहीतरी लिहिलं. आम्हाला काहीच कळलं नाही. त्यांचे डोळे भरून आले.

वायफायवाल्यानं राउटर रीसेट करून कनेक्शन नव्यानं जोडलं. त्या संध्याकाळी बहीण स्पष्ट दिसली. "पप्पा, बोला ना," ती म्हणाली. वडील नुसते तिच्याकडे बघत राहिले.