अठरा अक्षरांचा राजा

निजामाच्या राज्यात मी अर्जनवीस होतो. केजच्या कचेरीबाहेर चटई टाकून बसायचं आणि लोकांची गाऱ्हाणी उर्दूत लिहून द्यायची, हा धंदा. एखादा येऊन म्हणायचा, "शेजाऱ्यानं बांध कोरला." एवढंच. मी त्याचे दोन ताव करायचो. आधी सरकारची स्तुती, मग अर्जदाराची दीनावस्था, मग शेजाऱ्याचा एकंदर स्वभाव, आणि बांध अगदी शेवटी, कोपऱ्यात. अर्ज जितका लांब तितका अर्जदार खूश. असा फुगवण्यात मुरलेला माणूस एका तंबूवाल्यानं आखडण्याच्या कामाला नेला. ही पारख त्याची. मला दोष देऊ नका.

तंबूवाला सोलापूरकडचा. तंबू, तेलाचं इंजिन, बोलपट दाखवायचं यंत्र आणि एक राजा-राणीचा बोलपट, एवढं सामान बैलगाड्यांवर घालून तो गावोगाव हिंडायचा. बोलपट फर्मास होता, पण त्यातली माणसं फारसी शब्दांनी गच्च भरलेली उर्दू बोलत. आमच्याकडच्या लोकांना बाजारातली दखनी चांगली समजायची. राजवाड्यातली उर्दू मात्र कचेरीच्या समन्सासारखी डोक्यावरून जायची. पडद्यावरचा राजा गरजायचा आणि लोक एकमेकांकडे बघायचे. दुसऱ्या दिवशी तंबू ओस.

मालकानं तोड काढली. पडद्याखाली पांढऱ्या कापडाची आडवी पट्टी बांधायची आणि जादूच्या कंदिलातून तिच्यावर मराठी अक्षरं पाडायची. तळहाताएवढ्या काचेवर चिमणीची काजळी धरायची, तिच्यावर सुईनं कोरायचं. जिथं सुई फिरली तिथून उजेड जातो आणि काळ्यावर पांढरं अक्षर उमटतं. कंदिलाला दोन खणांची लाकडी सरकपट्टी होती. एका खणातली काच दिसत असताना दुसऱ्यात पुढची घालायची आणि वेळ आली की सरकवायची.

"मुन्शीजी, ओळी दोनच," मालक म्हणाला. "एका ओळीत अठरा अक्षरं. जास्त घातली तर बारीक होतात, मागच्यांना मुंग्या दिसतात."

"अठरात माझा नमस्कारसुद्धा मावत नाही, मालक."

"मग नमस्कार गाळा."

मी गाळायला शिकलो. पडद्यावर जे दिसतं ते लिहायचं नाही. राजानं तलवार उपसली की 'मी तलवार उपसतो' कशाला? हाका गाळल्या, शपथा गाळल्या, तीनदा म्हटलेलं एकदा ठेवलं. शब्द मधे तोडायचा नाही, आणि 'राजाचा' वर नि 'मुलगा' खाली अशी जोडपीही फोडायची नाहीत. राजाची एक धमकी होती, दमदार, वीस शब्दांची, तीत सूर्य, चंद्र, गिधाडं आणि सात पिढ्या. ती मी 'पहाटे तुझं डोकं उडेल' एवढ्यावर आणली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पोटच्या पोराची शेंडी कापावी तसं वाटलं.

पण जागा हा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे वेळ. राजा बोलतो तेवढ्यात ते वाचून झालं पाहिजे. आता वाचणार कोण? युसूफ वडगाव या गावी तंबू लागणार होता तो पाटलांच्या खळ्यावर. पाटील पुढं खुर्ची टाकून बसणार, आणि पाटील बसलेले असताना गावात मोठ्यानं वाचायचा मान त्यांचा. सरकारी हुकूम आला तरी तेच वाचून दाखवत. वाचू शकणारे आणखी चार-पाच जण होते, पण ते मनात वाचत आणि तोंड पाटलांकडे ठेवत. म्हणजे सगळ्या गावाचा वेग पाटलांच्या जिभेचा. तेवढा मापला की झालं.

मी मोठ्या चतुराईनं मापला. मालकाचं खिशातलं घड्याळ घेऊन पाटलांकडे गेलो आणि एक जुनी कबुलायत पुढं केली. "पाटील, एवढं वाचून दाखवता का? मला अक्षर लागत नाही."

पाटलांनी चष्मा चढवला आणि घोडं सोडलं. दहा सेकंदांत पन्नास अक्षरं. मी हरखलो. भरलेली काच छत्तीस अक्षरांची, म्हणजे सात-सव्वासात सेकंद. राजाचं वाक्यही साधारण तेवढंच. त्या हिशेबानं मी सव्वाशे काचा कोरल्या.

पहिला खेळ दिवेलागणीनंतर सुरू झाला. खळं भरलं होतं. एका अंगाला कनात लावून बायकांची बाजू केलेली. पाटील खुर्चीत, चष्मा पुसून तयार. पहिली काच सरकवली.

"उ... उद्या..." पाटील म्हणाले. "उद्या सू... सूर्य..."

तोवर राजाचं बोलून झालं होतं. प्रधान उत्तर देत होता. मी काच सरकवायला घेतली.

"अहो थांबा की," पाटील वळून म्हणाले. "सूर्याचं काय झालं?"

 काच धरून ठेवावी तर पडद्यावर प्रधान बोलतोय आणि खाली राजाचे शब्द. बदलावी तर पाटील अर्ध्यावर. आणि त्या कोंडीत, इंजिनाच्या धडधडीतून, कनातीपलीकडून एक आवाज आला. अगदी हळू, शेजारणीला सांगितल्यासारखा, पण स्वच्छ: "उद्या सूर्य उगवायच्या आत याचं शिर धडावेगळं करा."

हा आवाज पाटलांच्याच सुनेचा. नगरकडच्या शाळेत शिकून आलेली. बाई बायकांपुरतं वाचत होती, पण गाव आता कान तिकडं लावून बसलं. पाटील 'या... याचं' पर्यंत येत, तोवर पलीकडं शिर उडालेलं असे.

मागून कुणीतरी बोललं, "पाटील, तुमचं डोकं अजून धडावरच हाय की."

"गप ए," पाटील म्हणाले, आणि त्यानंतर खेळ संपेपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही.

सकाळी बोलावणं आलं. पाटील ओट्यावर होते. आमच्याकडे न बघता म्हणाले, "मालक, तंबू उचला. कडबा लावायचाय खळ्यावर."

"पण तीन दिवसांचं ठरलं होतं, पाटील."

"कडब्याला कुठं ठाऊक हाय तीन दिवस." मग माझ्याकडे वळले. "तुमच्या अक्षरात खोट हाय, मुन्शी. सुटं-सुटं, दात पडल्यासारखं. मानसानं वाचावं कसं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कबुलायत मोडीत होती. पाटलांचा उभा जन्म मोडीत गेलेला: लेखणी न उचलता, जोडून, पळत जाणारं अक्षर. मी काचा कोरल्या होत्या बाळबोधीत, शाळेच्या पुस्तकासारख्या. घोडा रस्त्यावर मापला आणि पळवला नदीत. इतका हुशार होतो मी.

"पाटील," मी म्हणालो, "खोट माझीच. हे पोराटोरांचं अक्षर तुमच्यापुढं ठेवायला नको होतं. आज मोडीत लिहितो. मग बघा, आणि मग कडबा लावा."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "आजचा दिस बघतो," म्हणाले.

दिवसभर मी आणि मालक काचा पुसत, धुरावत, कोरत बसलो. मोडीत शब्दांमधे जागा सोडायची नसते, त्यामुळे ओळीत दोन-चार अक्षरं जास्तच बसायला लागली. मी खूश. कुठं-कुठं दोन वाक्यं एकाच काचेवर टाकून काचाही वाचवल्या.

दुसऱ्या खेळाला पाटील असे सुटले की बोलपट मागं पडला. पडद्यावर कैद्याची आई राजाच्या पायावर पडून रडते, राजा बराच वेळ गप्प राहतो, आणि मग म्हणतो, सोडून द्या. खेळाचा सगळा जीव त्या गप्प राहण्यात. आणि मी दीडशहाण्यानं आईची विनवणी आणि राजाचा निकाल एकाच काचेवर घातलेला. आईनं तोंड उघडलं आणि पाटील गरजले, "माझ्या लेकराला सोडा सोडून द्या."

खळ्यात आनंदीआनंद. लोकांनी शिट्ट्या मारल्या. पडद्यावर आई रडतेच आहे, राजा दाढी कुरवाळतोच आहे.

"सुटला न्हवं? मग कावून रडतीया?" एकानं विचारलं.

"आनंदानं रडती आसंल," पाटील म्हणाले.

राजानं तोंड उघडेपर्यंत अर्धं खळं बिड्या पेटवायला उठलं होतं. निकाल आधी हातात देऊ नये, ही अक्कल मला तिथं आली. त्या काचेवरचा मजकूर नंतर मी दोन काचांवर वाटला. पण पाटलांना त्याचं काही नव्हतं. ते तृप्त होते. शेवटच्या काचेपर्यंत गावानं फक्त त्यांचंच ऐकलं होतं. कनातीपलीकडं सामसूम. मोडी तिकडं कुणालाच येत नव्हती, पाटलांच्या सुनेलाही नाही.

मालकानं मला पेढा दिला. तो मी खाल्ला, पण त्या सामसुमीचं मला बरं वाटलं नाही, हेही खरं.

सकाळी पुन्हा बोलावणं. पाटील ओट्यावर, पण चेहरा उतरलेला. समोर चहाची कपबशी नव्हती.

"मुन्शी, एक अडचन झाली. बायका म्हनत्यात, आज येनार न्हाई. इंजिनापायी माजा आवाज पल्याड जात न्हाई म्हनं, आन् पट्टीवरचं त्यांना लागत न्हाई." मग घराच्या दाराकडं एकदा बघितलं. "घरात काल रातपासून कुनी बोलंना माज्याशी."

"मग बाळबोधी काढू का पुन्हा?"

"न्हाई." हे फार पटकन आलं. मग खालच्या आवाजात, "दोनी लिवा. पर माजं वर."

मालक रस्त्यात माझी समजूत घालत होता. दोन्ही म्हणजे एक ओळ मोडीची, एक बाळबोधीची. म्हणजे छत्तीसातली अठराच उरली. अर्जाला दोन ताव लागणारा मी, राजाची अख्खी कारकीर्द एकेका ओळीत बसवायला बसलो. पाटलांचा मोडीतला वेग आणि सुनेचा बाळबोधीतला वेग, दोन्ही आता मला पाठ होते: अगदी सारखे. आणि तिथंच खरी मेख होती. सारखा वेग, सारखा मजकूर, म्हणजे दोघं बरोबर संपणार किंवा सूनबाई अर्धं अक्षर मागं राहून शेवटचा शब्द तिचा होणार. तेवढ्यानंही तंबूत कडबा आला असता.

म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा मापून फुगवलं. खाली लिहिलं, 'पहाटे शिर उडवा'. वर मोडीत, तेच, आणि पुढं तीन अक्षरं जास्त: 'बरं का'. मोडीत जागा होतीच. जिथं 'बरं का' शोभेना तिथं 'की हो'. सव्वाशे काचा, आणि प्रत्येक वरची ओळ दोन-तीन अक्षरांनी लांब.

तिसऱ्या दिवशी खळं दोन्ही अंगांनी भरलं. काच सरकली की पाटील आणि सूनबाई एकदम सुरू होत. तिचं आधी संपे, त्यांचं पाठोपाठ. बायकांना वाटे पहिला शब्द आपला, बाप्यांना वाटे शेवटचा शब्द पाटलांचा. कुणालाही काही कमी पडलं नाही, एक राजा सोडून. तो बिचारा सात पिढ्यांचा नायनाट करायला निघायचा आणि शेवटी 'बरं का' म्हणायचा. आईची विनवणी आली. मग राजा गप्प बसला, आणि मीही काच धरून गप्प बसलो. सगळं खळं गप्प. त्यानं तोंड उघडलं तेव्हाच काच सरकवली.

"सोडून द्या," कनातीपलीकडून आलं.

"सोडून द्या, बरं का," पाटील म्हणाले. कनातीअल्याड एकानं डोळे पुसले.

सकाळी सामान गाड्यांवर चढत होतं. पाटील स्वतः आले. खळ्यावर कडब्याची एक पेंढीही आलेली नव्हती.

"पुढल्या साली बी हितंच लावा," ते मालकाला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मुन्शी, कालचा राजा लई बदलला म्हना. आधी कसा डाफरत व्हता. काल मऊ बोलला, घरच्यावानी."

"हो पाटील," मी म्हणालो, "ओळीत जागा उरली होती."