हिरव्या पैठणीची राखाडी प्रत

त्या अल्बमच्या दुरुस्त्यांची यादी तेवीस कलमांची होती. बावीस कलमं नेहमीचीच. कुणाचे डोळे मिटलेत, मामांच्या टकलावरची चमक कमी करा, मागची प्लास्टिकची खुर्ची घालवा. सतरावं कलम मात्र मी दोनदा वाचलं. ‘पहिल्या पानावरचा फोटो. हिरवी पैठणी राखाडी करावी. काठाची जर तशीच ठेवावी.’

नोएडातल्या आमच्या स्टुडिओत लग्नाचे अल्बम होतात. फोटो काढणारे वेगळे. त्यानंतरची निवड, दुरुस्ती, मांडणी आणि छपाई आमच्याकडे असते, आणि या सगळ्यावर शेवटची खूण माझी. मी खूण केल्याशिवाय पान छपाईला जात नाही. गिऱ्हाइकं बहुतेक पंजाबी आणि बनिये. वर्षातून एखाददुसरं मराठी घर येतं आणि मला पाहून सैलावतं. नवरीची आई तशीच सैलावली. गुरुग्रामहून गाडीने आली होती, हातात यादी आणि डब्यात बेसनाचे लाडू.

फोटो चांगला होता. खूपच चांगला. नवरी आणि तिची काकू शेजारी शेजारी उभ्या. काकूचा हात नवरीच्या खांद्यावर, नवरीचा हात काकूच्या गळ्याभोवती, मनगट काकूच्या पदराच्या काठावर टेकलेलं. दोघीही कॅमेऱ्याकडे न बघता एकमेकींकडे बघून हसतायत. काकूच्या अंगावर गच्च हिरवी पैठणी, काठ हातभर रुंद.

“राखाडी का?” मी विचारलं.

“अल्बमची थीम पेस्टल आहे ना. हिरवा फार उठतो.”

“मांडवातल्या केळीही हिरव्याच आहेत.”

ती जराशी पुढे झुकली. “ताई, तुम्ही आपल्यातल्या म्हणून सांगते. माझ्या मोठ्या दिरांना जाऊन सहा वर्षं झाली. जाऊबाईंचं लग्नात हिरवी नेसल्यावाचून काय अडलं होतं? आम्ही काही बोललो नाही हं. पण पहिलंच पान, व्याही उघडून बघणार. राखाडी कशी, डिसेंट दिसते. जर तेवढी जाऊ देऊ नका. खरी पैठणी आहे ती, कळली पाहिजे.”

म्हणजे घराण्याची श्रीमंती दिसायला हवी होती. विधवेच्या अंगावरचा रंग तेवढा दिसायला नको होता. हे मी तिला सांगितलं नाही. “करून बघू,” म्हणाले आणि लाडू खाल्ला. लाडू उत्तम होता, त्याचाही राग आला.

तिने नमुना म्हणून स्वतःच मोबाइलच्या कुठल्याशा अ‍ॅपवर साडी राखाडी करून आणली होती. साडी राखाडी झाली होती खरी, पण काठ वितळला होता. वेलबुट्टीच्या जागी पिठल्यासारखा पिवळा लगदा. “हे असं नको,” ती म्हणाली. तेवढं आमचं एकमत झालं.

काम मी फोटो दुरुस्त करणाऱ्या आमच्या सगळ्यात चांगल्या रिटचरकडे दिलं. ती गाझियाबादची, चाळिशीतली, दहा वर्षं दागिने आणि साड्यांच्या कॅटलॉगचं काम केलेली. तिने फोटो मोठा केला आणि नाक मुरडलं.

“मैडम, बदन तो हो जाएगा. बॉर्डर रुलाएगा.”

तिचं बरोबर होतं. साडीच्या अंगाचा रंग बदलणं सोपं. रंग वेगळा काढायचा, उजेड-सावली तशीच ठेवायची, म्हणजे चुण्या आणि विणीचा पोत शाबूत राहतो. अडचण काठात असते. लांबून काठ नुसता सोनेरी दिसतो. तीनशे टक्क्यांवर मोठा केला की दिसतं, जरीच्या दोन तारांच्या फटीतून खालचं हिरवं रेशीम डोकावत असतं. काठ सरसकट झाकून ठेवला तर त्या फटी हिरव्याच राहतात आणि राखाडी साडीला शेवाळ चढल्यासारखं दिसतं. झाकला नाही तर सोन्यातलाही रंग उतरतो आणि जर शिशासारखी होते. मग मधला मार्ग उरतो. काठावर फक्त हिरवा तेवढा उतरवायचा, पिवळ्याला हात लावायचा नाही, आणि चुण्यांच्या सावलीत जिथे जरीवरच हिरवी झाक पडलेली असते तिथे ब्रशने, हलक्या हाताने, एकेक चुणी करत ती झाक सोनेरी तपकिरीकडे न्यायची. काहीही गुळगुळीत करायचं नाही. गुळगुळीत केलं की तार संपली.

तिने दोन दिवस ते केलं. मी दर दोन तासांनी जाऊन बघत होते. नवरीच्या दंडावर साडीची हिरवी छटा पडली होती, तीही तिने काढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काठ वरपासून खालपर्यंत सरकवत पाहिला. प्रत्येक तार जागेवर. मोराच्या पिसातला एक तुटका धागाही तुटकाच. यादीत सतराव्या कलमावर मी खूण केली.

एकीकडे हे सगळं किती घाणेरडं आहे हे कळत होतं आणि दुसरीकडे काम किती स्वच्छ झालंय याचा मला आनंद होत होता. त्या आनंदाची शिसारी मला नंतर आली.

प्रूफ बघायला आई आणि नवरी दोघी आल्या. नवरी नोकरीवरून थेट आलेली, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. मी पहिलं पान मोठ्या स्क्रीनवर लावलं.

आई आधी खूश झाली. “वा. जर बघ किती...” आणि थांबली. चेहरा उतरला. “अहो ताई, हे काय केलंत? चुडा.”

मी पाहिलं. काकूच्या पदरावर टेकलेल्या मनगटातला नवरीचा हिरवा चुडा राखाडी झाला होता. मधल्या सोन्याच्या पाटल्या लखलखीत, आणि त्यांच्यामध्ये राखेच्या रंगाच्या काचेच्या बांगड्या. मी तीनशे टक्क्यांवर काठ पाहत राहिले होते. पूर्ण फोटो एकदाही पाहिला नव्हता. हिरवा चुडा काय असतो हे माहीत असलेली स्टुडिओतली मी एकटीच होते, आणि मीच खूण केली होती.

रिटचरला बोलावलं. ती गोंधळली. “हरा हटाना था न? मैंने सोचा चूड़ियाँ साड़ी की मैचिंग की हैं. दुल्हन का चूड़ा तो लाल होता है.”

तिची काहीच चूक नव्हती. तिच्याकडे लालच असतो.

“अभद्र,” नवरीची आई पुटपुटत होती. “लग्नाच्या फोटोत असं... आधी ते हिरवं करा. आत्ता, माझ्यासमोर.”

नवरी स्क्रीनकडे बघत होती. बांगड्यांकडे नाही, काकूकडे. “आई, काकूची साडी राखाडी का आहे?”

“थीम आहे अगं.”

“काकूला माहितीय?”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी यादीत पाहिलं, जणू तिथे उत्तर होतं. नवरीने फोन काढला.

“आत्ता कशाला त्यांना त्रास,” आई म्हणाली, पण तोवर नागपूरला व्हिडिओ कॉल लागला होता. काकू मेथी निवडत होती. नवरीने फोन स्क्रीनकडे वळवला.

“ही कोण तुझ्याबरोबर?” काकूने विचारलं.

“तू आहेस.”

“मी? मी राखाडी पैठणी घेईन का?” तिने मेथीची एक काडी मोडली. “आणि तुझा चुडा कुणी गं विझवला?”

“वहिनी, ते चुकून झालं,” आई घाईने म्हणाली. “चुडा आत्ता नीट करतायत.”

“चुडा चुकून. आणि साडी?”

आईने पर्सची चेन ओढून लावली.

“असं करा ना,” काकू म्हणाली. आवाज अगदी साधा होता. “मला काढूनच टाका फोटोतून. अहो बाई, तुम्हीच ना फोटोवाल्या? काढायला सोपं पडेल का?”

विचारलं होतं मला, म्हणून मी कामाचं उत्तर दिलं. “नाही पडणार. तुमचा हात तिच्या खांद्यावर आहे. तुम्हाला काढलं तरी हात उरेल. आणि तिचा हात तुमच्या गळ्यात आहे, तो कुठे ठेवायचा?”

काकू हसली. पण लगेच चेहरा बाजूला वळवला, आणि फोनमध्ये फक्त तिचा कान आणि मागची भिंत दिसत राहिली. “मग राहू द्या बापडीला,” ती भिंतीकडे बघत म्हणाली. “पोरी, मी ठेवते. भाजी राहिलीय.”

फोन बंद झाला. नवरीने मला विचारलं, “ओरिजिनल आहे ना?” मी राखाडीचा थर बंद केला. एका क्लिकसरशी साडी हिरवी, चुडा हिरवा, दंडावरची छटाही परत आली. “हाच, पहिल्याच पानावर,” ती म्हणाली. मी सतराव्या कलमावर काट मारली आणि शेजारी नवरीची सही घेतली. तोंडी गोष्टींवर माझा विश्वास नाही.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. नवरी कॅब बोलवायला बाहेर गेली आणि आई पर्स आवरत माझ्या टेबलापाशी आली.

“ताई, चुडा तेवढा हिरवा करून तो राखाडीचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकाल? अल्बममध्ये नको. व्याह्यांच्या ग्रुपवर पाठवते फक्त. जर काय ठेवलीत हो तुम्ही, वाया कशाला घालवायची.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती बाई दुष्ट दिसत नव्हती. लाडवांचा रिकामा डबा तिने आठवणीने पिशवीत ठेवला होता.

“तशा फाइली आम्ही ठेवत नाही,” मी म्हणाले.

खोटं होतं. आम्ही थरांसकट प्रत्येक फाइल तीन वर्षं ठेवतो. तो नियम मीच केलाय, भिंतीवर माझ्याच अक्षरात लावलाय.

ती गेल्यावर मी रिटचरला म्हटलं की राखाडीची फाइल आणि तिची बॅकअपमधली प्रत, दोन्ही काढून टाक.

“मैडम, वो बॉर्डर,” ती म्हणाली. “वैसा मैं दोबारा नहीं कर पाऊँगी. पोर्टफोलियो में तो रखने दो.”

“नको.”

“चूड़ियाँ तो ठीक कर दूँगी.”

“बांगड्यांचं नाही.”

काय ते मी तिला सांगू लागले, पण हिंदीत ते फारच लांबलचक होत गेलं आणि मराठीतही थोडक्यात झालं नसतं. तिने एकदा काठ मोठा करून पाहिला, मोराच्या त्या तुटक्या धाग्यापाशी थांबली, आणि फाइल पुसली. मग माझ्याकडे न बघता मॉनिटर बंद केला. मी भिंतीवरच्या नियमांच्या कागदापाशी जाऊन खाली एक नवीन ओळ लिहिली: कुणाच्या अंगावरच्या कपड्याचा रंग बदलायचा तर आधी त्या माणसाला विचारणे.

लिहून झाल्यावर लक्षात आलं, हे मला पहिल्याच दिवशी, लाडू हातात घेण्याआधी सुचायला हवं होतं. मग बेसिनपाशी जाऊन हात धुतले. लाडवाच्या साजूक तुपाचा वास येत नव्हता, तरी दोनदा धुतले.