हरलेल्या तिकिटांची तार

लॉटरीचं लाखाचं बक्षीस तीस टक्के कर कापूनच हाती आलं. सात वर्षांची हरलेली तिकिटं मी दुकानातल्या बिलांसारखी तारेत ओवून ठेवली होती, तारीखवार. तो तोटा दाखवून थोडा कर परत मिळेल, म्हणून मालवणातल्या कर सल्लागाराकडे गेलो. बायको खुशीत होती, तीही आली.

सल्लागारांनी तार बाजूला सारली. "हरलेली तिकिटं वजा होत नाहीत. विवरणपत्रात बक्षीस पूर्ण दाखवायचं. कर कापल्याचा दाखला तेवढा द्या."

मूर्खासारखा तार उचलायला गेलो, तर ती बायकोच्या हातात होती. एका तिकिटावरची तारीख ती बघत राहिली.

"तेवा पोरीच्या शाळेच्या फियेक पैशे नाय म्हणालात मा?"

उत्तराची वाट न बघता तिनं पुढचं तिकीट सरकवलं.