आसाराम सुताराचा टेकू

आसाराम सुतार लाकडाला हात लावायच्या आधी त्याचा वास घ्यायचा. घर कितीही मोठ्या माणसाचं असो, हा आधी खांबाच्या पायाशी उकिडवा बसणार, नाक लावणार आणि घरची बाई चहा घेऊन येईपर्यंत तसाच राहणार. लोक हसायचे. मीही हसायचो. शाळेत मी त्याच्या दोन्ही मुलींना शिकवलं होतं, म्हणून तो मला गुरुजी म्हणायचा आणि माझी थट्टा सहन करायचा.

आमचं गाव राजूरपासून सहा-सात किलोमीटर वर, डोंगराच्या कुशीत. पाऊस इथे चार महिने मुक्कामालाच येतो. भिंती दगडमातीच्या आणि खांब, तुळया सागाच्या. त्यामुळे लाकडाचा डॉक्टर हवाच, आणि तो आसाराम होता. त्याच्या पिशवीत ठोकून बघायला चिंचेच्या लाकडाची एक मोगरी, टोचून बघायला एक लोखंडी टोच्या, बॅटरी आणि ओल मोजायचं हातभर वायरचं एक यंत्र असायचं. यंत्राच्या दोन सुया लाकडात रुतवल्या की आकडा दिसतो. "इसाच्या वर आकडा गेला ना गुरुजी, का बुरशीला पान वाढल्यालं समजायचं," असं तो म्हणायचा.

एकदा भंडारदऱ्याच्या बाजूला एका घरी मी त्याच्याबरोबर गेलो होतो. घरमालकाने आधीच तालुक्याहून फवारणीवाला बोलावून सगळ्या घराला औषध मारून घेतलं होतं. त्या वासाने घरातलं म्हातारं माणूस आठवडाभर खोकत होतं. आसारामने भिंतीवरची वाळवीची मातीची नळी बोटभर फोडली आणि म्हणाला, चार दिवसांनी येतो. चार दिवसांनी गेलो तर फोडलेली जागा ओल्या मातीने बुजलेली. म्हणजे वाळवी आत जिवंत होती, औषध नुसतं वरवर गेलं होतं. मग तो वाळवीमागे न लागता छपरावर चढला. एक कौल सरकलेलं होतं आणि तुळईचं भिंतीत गाडलेलं टोक वर्षानुवर्षं भिजत होतं. ते टोक दाबलं की चौकोनी तुकडे पडून हातात भुगा यायचा.

"आधी बुरशी लाकूड मऊ करती, मग वाळवी जेवायला येती. जुन्या सागाला ती सहसा त्वांड लावीत न्हाई," तो म्हणाला. त्याने कौल बसवलं, भिंत मोकळी करून टोकाभोवती वारा खेळेल एवढी जागा ठेवली, कुजका भाग कापून नव्या सागाचा जोड दिला. लाकूड सुकल्यावर बोरिक पावडर आणि बोरॅक्स गरम पाण्यात विरघळवून ब्रशने तीन हात दिले, भोकं पाडून सिरिंजने आत सोडलं. या औषधाला वास नाही, लेकराबाळांच्या घरात चालतं. फक्त पावसात धुऊन जातं, म्हणून छप्पर आधी. एवढं साधं काम. पण ओल थांबवल्याशिवाय तो औषधाच्या डब्याला हात लावायचा नाही, आणि लोकांना औषधच हवं असायचं.

आता देवीच्या देवळाचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला सुटका नाही.

देवळापुढे बारा सागवानी खांबांचा सभामंडप होता. जुन्या लोकांनी प्रत्येक खांब तळखड्यावर, म्हणजे कोरीव दगडी बैठकीवर उभा केला होता, लाकडाला जमिनीची ओल लागू नये म्हणून. नवरात्रात घरोघरचे घट आमच्याकडे देवळातच बसतात, डावीकडच्या तिसऱ्या खांबाभोवती. बांबूच्या परडीत पत्रावळ, तिच्यावर शेतातली काळी माती, मातीत धान्य, नऊ दिवस पाणी. दसऱ्याला घट उठले की अंकुर लोक डोक्यात खोवतात, पण माती बाहेर टाकायची नाही, ती देवीची. ती खांबाच्या पायाशीच ओतायची. किती पिढ्या ओतली कोण जाणे. तळखडा मातीत बुडाला. मी ट्रस्टचा सचिव झालो तेव्हा ती चढलेली जमीन मला गबाळी दिसली. मी वरून सिमेंट करून फरशी बसवून घेतली आणि सगळ्या खांबांना झकास तांबडा तेलरंग दिला. माझा सत्कारही झाला. आसाराम तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी संगमनेरला होता. आल्यावर फरशी बघून एवढंच म्हणाला, "गुरुजी, खांबाचं नाक दाबलंत."

मागच्या नवरात्रात पाऊस थांबता थांबत नव्हता. दुसऱ्या माळेला आसाराम दर्शनाला आला आणि तिसऱ्या खांबापाशी थबकला. घटांच्या आडून तांबड्या रंगावर मातीची बारीक रेघ वर चढलेली होती. मी ती दोन दिवस पाहत होतो. मला वाटलं कुणाचा मातीचा हात लागला असेल. त्याने पिशवीतून टोच्या काढला आणि बनुबाईने त्याचा हात धरला.

बनुबाई घटांना पाणी घालायची. नवरा लवकर गेला, मुलगा कानिफनाथ टेम्पो चालवतो. देवीचे नऊ दिवस ती देवळातच बसून असायची. "घट बसल्यात आसाराम. खांबाला लोखंड लावू नगं," ती म्हणाली. आमची रीतच तशी. घट उठेपर्यंत देवळाच्या लाकडाला लोखंड लागत नाही, खिळासुद्धा नाही. त्याने यंत्र काढलं, तर मीच सुयांकडे बोट दाखवलं. सुयाही लोखंडाच्याच. माझ्या हुशारीवर चार जण हसले.

आसाराम वाद घालणाऱ्यातला नव्हता. रीत त्याचीही होती. त्याने चिंचेची मोगरी घेतली, खांबाला कान लावला आणि वरून खाली ठोकत आला. छातीपर्यंत टणटण आवाज. गुडघ्याच्या खाली भद्द. मग त्याने परडीतली बांबूची एक काडी मागितली, तिला टोक केलं आणि फरशीच्या वर चार बोटांवर टेकवली. नुसत्या अंगठ्याच्या दाबाने काडी रंगातून आत गेली. बोटभर, मग वीतभर. बाहेर काढली तेव्हा टोकाला ओली माती आणि दोन पांढऱ्या वाळव्या.

त्याने मला बाजूला नेलं. "खांब न्हाई राहिला गुरुजी. रंगाची साल उभी हाय नुसती. आजच मंडप रिकामा करा. घट गाभाऱ्यात न्या."

बसलेले घट हलवायचे? मी म्हणालो, गाव मला फाडून खाईल. तसं कुणी खाल्लं नसतं. बनुबाईला समजावून सांगितलं असतं तर तिनेच पहिली परडी उचलली असती. पण माझ्या फरशीखाली खांब कुजला हे नवरात्रात, भरल्या मंडपात, माझ्याच तोंडाने सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो, दसरा होऊ दे, मग फरशी फोड, माती काढ, हवं ते कर.

"फरशी फोडून तळखडा उघडा करीन, कुजका भाग काढून जोड दीन, रंग खरवडून लाकूड सुकवीन, मग औषध. खांब वाचंल वरचा," तो म्हणाला. "पण दसऱ्यापतूर ह्यो वरचा भार झेलायचा कुनी?"

दुपारी तो दोन सागाच्या बल्ल्या घेऊन आला. खांबाच्या दोन्ही अंगांना तुळईखाली त्या उभ्या केल्या, खाली फळी, वर लाकडी पाचरी, त्या मोगरीने ठोकून घट्ट. लोखंडाचा तुकडाही वापरला नाही. जाताना मला म्हणाला, "पाचरीला हात लावू देऊ नका कुनाला. तुमी जिम्मेदार." मी हो म्हणालो.

सातव्या माळेला आरतीला एक मोठे पाहुणे येणार होते. नाव कशाला घ्यायचं, त्यांचा काही दोष नाही. गाभाऱ्याकडच्या बाजूची बल्ली बरोबर वाटेत होती, फोटोत येणार होती. सकाळी मंडपात कुणी नव्हतं. मी दगडाने पाचर हलके हलके बाहेर ठोकली, बल्ली भिंतीशी नेऊन उभी केली, पाचर तिच्यापाशी नीट ठेवली. दुसरी आहे की, असं मनाशी म्हणालो. आरती झाली, फोटो झाले, पाहुणे गेले. मी घरी जेवायला गेलो आणि जेवून आडवा झालो.

साडेतीनला आवाज आला. मी धावत गेलो तेव्हा भिजून जड झालेलं छप्पर, तुळई आणि कौलं खाली होती आणि तिसरा खांब गुडघ्यापाशी चेचला गेला होता. त्याच्या पोटात लाकूड नव्हतंच, मातीची पानं एकावर एक रचलेली होती. भजनाच्या बायका पलीकडच्या अंगाला होत्या, त्या वाचल्या. बनुबाई घटांना पाणी घालत होती. तिला बाहेर काढलं तेव्हा तांब्या तिच्या हातातच होता.

पंचनाम्याला आसारामला बोलावलं. उभा राहिलेला भाग त्याने पाहिला, भिंतीशी उभी बल्ली पाहिली, तिच्याजवळची पाचर उचलली. घसरून पडलेली पाचर अशी नीट ठेवलेली नसते, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? त्याने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. पंचनामा करणाऱ्या साहेबांनी विचारलं, टेकू कुणी लावला?

"म्या लावला," तो म्हणाला.

आणखी तो काही बोलला नाही. टेकू नीट न बसवल्यामुळे तुळई घसरली, असं कागदावर आलं. पंच म्हणून खाली माझी सही आहे. मास्तरची सही, वळणदार.

महिन्याने मी त्याच्या घरी गेलो. दारात लाकडाच्या जुन्या ढलप्या पडल्या होत्या, मोगरी खुंटीला. मी विचारलं, "तू बोलला का नाहीस?"

त्याने मला बसायला पाट सरकवला आणि म्हणाला, "पाचर तुमी काढली, मला म्हाईत हाय. पर काडी आत गेल्याली मी बघितली हुती. मंडपात हुबं ऱ्हाऊन वरडायला पायजे हुतं, समद्या बायकांना उठवायला पायजे हुतं. मी तुमच्या कानात सांगितलं आन घरी गेलो. तुमी मोठं मानूस म्हनून." चहा आला, तो मी घेतला.

आता त्याला कुणी बोलवत नाही. लोक फवारणीवाला आणतात. मंडप लोखंडी पाइपांचा आणि पत्र्याचा झाला आहे, सचिव मीच आहे. कानिफनाथ दर मंगळवारी टेम्पो थांबवून दर्शनाला येतो, वाकून माझ्या पाया पडतो आणि म्हणतो, "त्या आसारामनं माझी आय मारली, गुरुजी." आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवतो.