दोन सेकंद गप्प

आमच्या हिचा आवाज मला तिच्या चेहऱ्याआधी माहीत होता. मी बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आणि ही चौकशीच्या खिडकीमागे बसून गाड्यांची घोषणा करणारी. मी गाडीखाली आडवा पडलेलो असायचो आणि भोंग्यातून ही सांगत असायची, की अमुक गाडी फलाट चारवर लागत आहे. सव्वीस वर्षं सांगितलं. मग घोषणा कॉम्प्युटर करायला लागला, हिला पासच्या खिडकीवर बसवलं आणि तिथूनच ती निवृत्त झाली. कॉम्प्युटरने एकदा एकच गाडी दोन फलाटांवर लावली, तेव्हा मी मनापासून खूश झालो होतो.

घरी बसल्यापासून ही बोलायची कमी झाली. भांडायचीसुद्धा नाही. माझ्या नाकावर कायम राग, आणि समोरून उत्तर नाही म्हणजे मला शिक्षाच. शेवटी विचारलं तर म्हणाली, "माझा आवाज आता कोणाला लागत नाही." त्यावर मी पेपर उघडला, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मग आमच्या लेकीने कुठूनतरी शोधून काढलं. एक संस्था दृष्टिहीन मुलांसाठी शाळेची पुस्तकं आवाजात तयार करते. घरच्या घरी फोनवर वाचून पाठवायचं. आधी त्यांनीच पाठवलेल्या विज्ञानाच्या धड्याचा पाच मिनिटांचा नमुना, तोही तीनदाच पाठवता येतो, आणि मुदत शनिवारी दुपारी बारापर्यंत. ही कधी नव्हे ती लगेच तयार झाली.

पहिला नमुना हिने बैठकीच्या खोलीत केला. डोक्यावर पंखा गरगरतोय, फोन ओठांना चिकटवलेला. डेपोतल्या माइकला तसंच चिकटून बोलावं लागायचं, नाहीतर फलाटावरच्या कोलाहलात कोणाला ऐकू जाणार? दुसऱ्या दिवशी नमुना परत आला. आवाज तपासणाऱ्या बाईंनी कळवलं होतं, की खोली घुमते, पंखा ऐकू येतो आणि प, फ, भ आले की कानात फुंकर बसते. हिचा चेहरा पडला. मला मात्र हुरूप आला, कारण बिघाड शोधणं हा माझा धंदा.

मी घरभर टाळ्या वाजवत फिरलो. बैठकीत नुसती फरशी आणि उघड्या भिंती, टाळी वाजली की मागून ठण्‌ करून परत यायची. स्वयंपाकघरात फ्रिज गुणगुणत होता. झोपायच्या खोलीत कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर टाळी वाजवली तर ती तिथेच विरली. म्हटलं, बस इथे. कपाटाकडे तोंड, कपाटाच्या अलीकडे स्टुलावर फोन, पायाखाली सतरंजी. पण फोनचं तोंड हिच्याकडे, म्हणजे तो हिच्या पाठीमागची भिंतही ऐकणार. म्हणून मागे दोन खुर्च्या उलट्या ठेवून त्यांवर आमच्या दोन्ही रजया टाकल्या. फोनखाली घडी केलेला टॉवेल, म्हणजे स्टुलाला धक्का लागला तरी तो आवाजात उतरणार नाही. अंतर हिच्या हाताने मोजलं, एक वीत आणि वर चार बोटं, आणि फोन तोंडासमोर न ठेवता जरासा कडेला सरकवला, म्हणजे प-फची फुंकर बाजूने निघून जाते. तेवढ्या लांबीची दोरी कापून स्टुलाला बांधली. दर वेळी हनुवटीला दोरी लावायची, सोडायची आणि मग वाचायचं. पंखा बंद, फोन विमानाच्या मोडवर. ही घामाघूम झाली, पण आवाज कसा स्वच्छ आला!

दुसरा नमुनाही परत आला.

या वेळी बाईंनी फोनच केला. आवाज छान आहे म्हणाल्या, पण ताई, तुम्ही दर चुकीला "क्षमा करा" म्हणता आणि तेवढाच शब्द सुधारून पुढे जाता. मला तो शब्द जोडता येत नाही, जोड ऐकू येतो. चुकलात की थांबा, दोन सेकंद पूर्ण गप्प, आणि मग ते वाक्य सुरुवातीपासून, त्याच लयीत. मधलं मी कापते.

ऐकायला सोपं आहे. पण डेपोत चुकीचा फलाट सांगितला तर त्याच श्वासात सुधारावा लागायचा, नाहीतर माणसं भलत्याच गाडीत चढायची. चूक झाली की हिच्या तोंडून "क्षमा करा" आपोआप निघायचं, झोपेतून उठवलं तरी निघालं असतं. मग शुक्रवारी हिने दुसरं टोक गाठलं. एक शब्द अडखळला की पूर्ण पान पहिल्यापासून. सकाळपासून चौदा वेळा तेच पान. दुपारपर्यंत घसा बसला आणि शेवटचं वाचन पहिल्याहून वाईट झालं. शेवटी माझा तोल सुटला. "एक नट वाकडा बसला म्हणून मी कधी अख्खं इंजिन उतरवलंय का?" मी ओरडलो. "वाकडा नट काढायचा, तिथूनच पुढे बसवायचं. मागच्या पूर्णविरामापाशी जा की!"

ही उठली. कोमट पाणी प्यायली आणि त्या दिवशी फोनला हात लावला नाही. मला वाटलं, संपलं सगळं, आणि तेही माझ्या तोंडामुळे.

शनिवारी सकाळी नऊला मात्र हिने स्वतःच रजया टाकल्या. पानं सुटी करून शेजारी शेजारी मांडली, म्हणजे वाचताना उलटायला नकोत. मी दाराची घंटा काढून ठेवली, फ्रिज बंद केला आणि दाराबाहेर दुसरं स्टूल टाकून पहारा देत बसलो. खोकला आला तो खांद्यावरच्या टॉवेलात दाबला. आत दहा सेकंद काहीच नाही, रिकाम्या खोलीचा आवाज बाईंना कापलेल्या जागी भरायला लागतो म्हणून. मग वाचन सुरू झालं. पानं, मुळं, सूर्यप्रकाश. तिसऱ्या परिच्छेदात "हरितद्रव्य" म्हणताना जीभ अडखळली.

मी श्वास धरला. आता येणार "क्षमा करा".

आलं नाही. आत नुसती शांतता. एक, दोन. आणि मग तेच वाक्य, पहिल्या शब्दापासून, जणू काही झालंच नाही अशा लयीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी त्याच टॉवेलाने पुसलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, ते दोन सेकंद कसे काढलेस? ही हसली. "मोजले. आणि लक्षात आलं, की तेवढ्यात कोणाचीच गाडी चुकली नाही."

हिने इअरफोन लावून सगळं एकदा तपासलं, आणि साडेअकराला नमुना गेला. फ्रिज चालू करायचं मी विसरलो, दूध नासलं. सोमवारी बाईंचा निरोप आला, की सातवीचं विज्ञानाचं पूर्ण पुस्तक ताईंकडे. आणि एक विनंती, नमुन्यातलं एक वाक्य पुन्हा लागेल, तर मांडणी जराही हलवू नका. म्हणून आमच्या रजया अजून खुर्च्यांवर आहेत आणि मी सतरंजी मागितली तर तीही मिळत नाही.

परवा चहाच्या वेळी त्यावरूनच मी हिच्यावर खेकसलो. ही रागावली नाही, गप्पही झाली नाही. कप खाली ठेवला, माझ्याकडे पाहत दोन सेकंद थांबली आणि म्हणाली, "हं, आता वाक्य पहिल्यापासून बोला."

मी बोललो. दुसऱ्यांदा ते बरंच बरं झालं.