दुहेरी बाण

जालन्याच्या आमच्या कॉलेजातल्या संगणकावर माझं सांख्यिकी मॉडेल जमवलेल्या उत्तरांवर बसत नव्हतं. लोखंडाच्या कारखान्यांतल्या कामगारांना पगार, वरिष्ठ आणि नोकरी सोडण्याचा विचार यांवर प्रश्न विचारून मी प्रबंध लिहीत होते. मॉडेल किती जुळतं ते सांगणारा सीएफआय निदान ०.९० हवा, तो खाली; किती चुकतं ते सांगणारा आरएमएसईए ०.०८ च्या आत हवा, तो वर. पीएचडीच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. ती संपली की सगळं पहिल्यापासून.

मार्गदर्शक सर शेजारी बसले. "सुधारणेचे निर्देशांक बघ. कुठल्या वाक्यांच्या उरलेल्या चुका एकमेकींना जोडल्या की मॉडेल बसतं, ते तेच सांगतात."

सगळ्यांत मोठे आकडे प्रश्नावलीच्या शेवटच्या पानावरच्या वाक्यांमध्ये होते. एक पगाराचं, एक वरिष्ठांचं, एक नोकरी सोडण्याचं. तीन वेगळ्या घटकांच्या वाक्यांच्या चुका एकमेकींना का चिकटाव्यात?

"कारण कशाला पाह्यजे? जोड."

त्या चुका जोडणारे दुहेरी बाण मी आकृतीत ओढले. सीएफआय चढला, आरएमएसईए उतरला.

"आता बराबर!" सर म्हणाले.

हाच शब्द त्या शेवटच्या पानावर होता. ते शेवटचं पान सरांनी नंतर जोडलं होतं. आधीच्या पानांवर सहमत आणि असहमत यांच्या मधल्या पर्यायाला मी 'तटस्थ' लिहिलं होतं. "कामगारांना कळणार न्हाई" म्हणून त्यांनी आपल्या पानावर 'बराबर' लिहिलं. त्यांच्या मते, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. पण आमच्याकडे बराबर म्हणजे खरं आहे, पटलं. ज्यांना वाक्य पटलं, त्यांतल्या कितीजणांनी मधेच खूण केली असेल, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. बाणांनी ते झाकलं होतं. न बसणाऱ्या मॉडेलपेक्षा बसलेल्या मॉडेलची मला जास्त भीती वाटली.

घरात मी कामगार चळवळीची पत्रकं वाचत वाढले. त्यांत जुलमी माणूस नेहमी लांबचा असायचा. शेजारी बसून चहा पाजणाऱ्या माणसाला काय म्हणायचं, ते त्यांत नव्हतं. 'बराबर'चा घोळ मी सरांना सांगितला.

सरांचा कप खाली आला. "परीक्षक आकडे बघतो. शब्द न्हाई बघत."

"सर, तुम्ही आत्ता 'बराबर' म्हणालात. म्हणजे तटस्थ?"

"लई शहाणी झालीस, पोरी!"

"त्या पानाचे प्रश्न मला पुन्हा विचारायचेत."

"मालक परत कारखान्यात घेईल? अन् मुदतवाढ कोण देणार, तुझी पत्रकं?"

मी माऊस हातात घेतला. "माहीत नाही. पण या आकड्यांवर मी प्रबंध देणार नाही."

"मंग माझी सही मिळणार न्हाई."

त्यांनी मंजुरीचं कोरं पान ड्रॉवरमध्ये टाकलं. मी एकेक बाण पुसला. सीएफआय पुन्हा ०.९० च्या खाली गेला, आणि मी तो तसाच छापून घेतला.