अर्धं आयुष्य

कमलाक्षीबाई गोव्यात साखळी गावच्या उच्च माध्यमिक विद्यालयात अठरा वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होत्या. चुकीला दयामाया नाही, असा त्यांचा लौकिक. गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या जानेवारीत बारावीच्या पूर्वपरीक्षेत क्षमा तीन गुणांनी नापास झाली आणि वर्गात यायची बंद झाली. सर्वण गावच्या बाबलीची ही मुलगी. बाप आता तिला शाळेतून काढणार, असं मैत्रिणींनी सांगितलं.

बाईंनी तिचा पेपर पुन्हा काढला. किरणोत्सारी पदार्थाचा आलेख होता, त्यावरून हाफ-लाइफ काढायची होती. मिनिटाला आठशे काउंट, सहा मिनिटांनी चारशे, बाराला दोनशे, अठराला शंभर. बिंदू अचूक, वक्र सुरेख. पण शेवटच्या बिंदूपुढे क्षमाने रेघ स्वतःच ओढत नेली होती, थेट खालच्या अक्षाला टेकवून. तिथे छत्तीस मिनिटं. त्याचं अर्धं अठरा. हाफ-लाइफ अठरा मिनिटं. पाचपैकी शून्य.

असंच उत्तर आणखी चौघींचं होतं. पाचही जणी मराठी माध्यमातून आलेल्या. अकरावीपासून सगळं इंग्रजीत. म्हणून तास संपताना बाईंनीच मागच्या बाकावर जाऊन सांगितलं होतं, हाफ-लाइफ म्हणजे अर्धं आयुष्य गं. पोरींनी ते शब्दशः घेतलं: आयुष्य संपतं कुठे ते शोधायचं आणि निम्मं करायचं. बाईंनी लाल पेन बाजूला ठेवला.

शनिवारी त्या बसने सर्वणला गेल्या. बाबली माडाच्या मुळाशी आळं करत होता. तो उठला, पण ओट्याकडे आला नाही. दहावी झाली ते पुष्कळ झालं, नापास होण्यासाठी बसभाडं कशाला, असं त्याचं म्हणणं.

बाईंनी ओट्यावर आलेख पसरला आणि क्षमाला बसवलं. सुरुवातीला किती? आठशे. निम्मे? चारशे. मग चारशेवरून आडवी रेघ वक्रापर्यंत, तिथून खाली. पेन्सिल सहावर आली. चारशेचे दोनशे व्हायला? पुन्हा सहाच. दोनशेचे शंभर? क्षमाने मोजलं आणि मान वर केली.

"बाई, मग संपतं कधी?"

"पूर्ण असं संपतच नाही. अर्धं उरतं, त्याचं अर्धं उरतं. दरवेळी निम्मं व्हायला लागणारा वेळ, ती हाफ-लाइफ. खाली टेकणारी रेघ तू काढलीस, कारण मी शब्दच चुकीचा दिला."

बाबली ऐकत होता. "म्हणजे चुकी तुमची?"

"माझी."

"मग गुण वाढवतलात?"

उत्तर तर चूकच होतं. "गुण नाही वाढवणार. सोमवारी वर्गासमोर माझी चूक सांगेन. मार्चच्या परीक्षेला अजून वेळ आहे."

बाबली पुन्हा आळ्याकडे वळला. क्षमाने आलेखावरची टेकलेली रेघ खोडरबराने पुसायला घेतली. कागद तिथे पातळ झाला, फाटायला आला, तरी खूण राहिलीच.

सोमवारी बाई फळ्यावर वक्र काढत होत्या. तो अक्षाजवळ येताच त्यांनी खडू उचलला आणि मागे वळून पाहिलं. बाकीच्या चौघी बसल्या होत्या. क्षमाची जागा रिकामी होती. त्यांनी तरी सांगायला सुरुवात केली.